यंत्राने ‘हो’ म्हणावं, ‘नाही’ माणसाने

एप्रिल लागला की तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलापुढे वर्गणी भरणाऱ्यांची गर्दी होते. ग्रंथपाल प्रत्येकाचं खातं काढतो, मुदत कधी संपली ते पाहतो, मागची काही बाकी आहे का, कुठलं पुस्तक घरी राहिलंय का, अनामत पूर्ण जमा आहे का हे तपासतो आणि मग पावती फाडतो. हे काम संगणकाने करावं, आणि जिथे त्याला नीट उलगडा होणार नाही तिथे माणसाने बघावं, असा प्रस्ताव ग्रंथपालाने कार्यकारी मंडळापुढे ठेवायचा असेल तर त्या पत्रात काय असायला हवं? वरवर पाहता हा एका कचेरीतला किरकोळ पत्रव्यवहार वाटेल. पण असं पत्र नीट लिहिलं गेलं नाही तर वर्षानुवर्षं वर्गणी भरणारा वाचक एका सकाळी ‘मुदत संपलेला’ ठरतो, आणि तसं कोणी ठरवलं हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी हे पत्र मंडळाला का लिहायचं ते पाहू. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. काही राज्यांत ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर घेतला जातो, तसा आपल्याकडे नाही. इथली बहुसंख्य ग्रंथालयं गावातल्या लोकांनी स्थापलेल्या संस्था चालवतात. शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं आणि उरलेला भार वर्गणी, देणग्या व कार्यक्रमांवर पडतो. संस्थेला स्वतःची घटना असते, निवडून आलेलं कार्यकारी मंडळ असतं. ग्रंथपाल हा त्या मंडळाचा पगारी सेवक. संगणकात कुठली प्रणाली बसवायची हे तो सुचवू शकतो. पण सभासद कोण आणि कोण नाही, हे घटनेने ठरतं आणि त्याचा अंमल मंडळाकडे असतो. तपासणी संगणकाकडे देणं म्हणजे या अधिकाराचा एक तुकडा त्याच्या हाती देणं. त्यासाठी ठराव लागतो, आणि ठरावासाठी पत्र.

बहुतेक पत्रं इथेच चुकतात. ‘वेळ वाचेल, काम अचूक होईल, ग्रंथालय आधुनिक होईल’ असं लिहून खाली सही केलेली असते. मंडळातले खजिनदार विचारतात, “आणि चुकलं तर?” त्याला पत्रात उत्तर नसतं. विषय पुढच्या सभेवर जातो, आणि पुढच्या सभेत स्नेहसंमेलनाचा खर्च निघतो.

त्या एका प्रश्नाचं उत्तर हाच खरं तर पत्राचा गाभा. ते मिळवायला एका खात्याच्या खोलात शिरावं लागेल.

उदाहरणापुरतं एक ग्रंथालय धरू. वाचक सभासद ९००, महिन्याला ५० रुपये म्हणजे वर्षाची वर्गणी ६०० रुपये, मुदत ३१ मार्चला संपणारी. सभासद क्रमांक ४१२ या एक निवृत्त शिक्षिका. त्यांची मुलगी पुण्याला असते. २८ मार्चला तिने आईची वर्गणी मोबाइलवरून यूपीआयने भरली. बँकेच्या उताऱ्यावर काय उमटलं? मुलीचं सासरचं नाव, ६०० रुपये, आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक. आईचं नाव कुठेही नाही, सभासद क्रमांकही नाही. त्याच दिवशी आणखी दोघांचे ६०० रुपये आले आहेत. ग्रंथपालाला ठाऊक असतं की ही बाईंची लेक, दरवर्षी तीच भरते. तो उतारा पाहतो, मनातल्या मनात जोडणी करतो, पावती करून ठेवतो. ही माहिती कुठल्याही वहीत लिहिलेली नसते.

आता हेच काम संगणकाकडे दिलं आणि त्याला साधा नियम घालून दिला: ३१ मार्चपर्यंत पैसे जमा दिसले नाहीत तर खातं बंद. १ एप्रिलला बाई बंद. दहा तारखेला त्या पुस्तक बदलायला येतात, टेबलावर नवीन मुलगा असतो, तो पडद्याकडे बघून म्हणतो, “बाई, तुमची मुदत संपलीय.” मागे चार माणसं उभी असतात. बाई म्हणतात, “अरे, मुलीने भरलेत.” मुलगा म्हणतो, “इथे दिसत नाही.” त्या दिवशी त्या पुस्तक न घेता घरी जातात.

उलट बाजूची चूक बघा. एकाने वर्गणी भरलेली नाही, पण संगणकाने चुकून त्याचं खातं चालू ठेवलं. चूक लक्षात यायला महिना गेला असं धरलं तर ग्रंथालयाचे ५० रुपये गेले, आणि तेही बहुधा पुढच्या भेटीत वसूल होतील. पुस्तक परत आलंच नाही तर हाताशी अनामत आहे. या दोन चुका एका तागडीत तोलता येत नाहीत. एकीची भरपाई रुपयांत होते, दुसरीची होत नाही.

म्हणून पत्रातलं पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला असं हवं आहे: संगणक स्वतःहून फक्त नूतनीकरण मंजूर करील, नामंजूर, बंद किंवा स्थगित असा शेरा तो स्वतःहून कोणत्याही खात्यावर मारणार नाही. सगळं स्वच्छ जुळलं तर त्याने ‘हो’ म्हणावं. काहीही खटकलं तर त्याने ‘नाही’ म्हणायचं नाही, खातं ग्रंथपालाच्या यादीत टाकायचं. मंडळाला भीती असते ती यंत्राच्या हाती लोकांना नाकारण्याची सत्ता जाईल याची. ती सत्ता मुळात दिलेलीच नाही हे पहिल्या पानावर लिहिलेलं असलं की पुढची चर्चा वेगळ्या सुरात होते.

सगळं स्वच्छ जुळलं म्हणजे काय, हेही शब्दांत लिहावं लागेल. पैसे सभासद क्रमांकासह आले आहेत आणि रक्कम त्याच्या प्रकाराच्या वर्गणीइतकीच आहे. मंडळाने ठरवलेल्या दिवसांपेक्षा जास्त काळ एकही पुस्तक त्याच्याकडे अडकलेलं नाही. अनामत पूर्ण आहे. आणि सभासदाचा प्रकार बदललेला नाही, म्हणजे बाल विभागातलं मूल वयाची अट ओलांडून गेलेलं नाही किंवा विद्यार्थी सवलतीची मुदत सरलेली नाही. या चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच आपोआप मंजुरी. यातली एक जरी डळमळीत असली तरी खातं ‘पाहायच्या यादी’त, आणि शेजारी कारण: ‘रक्कम जुळते, सभासद क्रमांक नाही’. नुसतं ‘त्रुटी’ असा शेरा असेल तर ग्रंथपालाला सगळं पुन्हा मुळापासून तपासावं लागतं, आणि मग संगणक हवा कशाला?

यादीतल्या माणसाचं तोवर काय होणार, हा मुद्दा पुष्कळदा लिहायचा राहून जातो. तो राहिला तर बाकीची सगळी व्यवस्था फुकट जाते. निर्णय व्हायचा असताना पुस्तक द्यायचं की नाही हे लिहिलेलं नसेल तर टेबलावरचा मुलगा आपल्या मनाने नकार देईल, कारण नकार देणं त्याला सुरक्षित वाटतं. तेव्हा पत्रात स्पष्ट हवं: यादीत असलेलं खातं चालूच समजलं जाईल, देवघेव थांबणार नाही, आणि ग्रंथपाल सात दिवसांच्या आत प्रत्येक नोंदीचा निकाल लावील. सात दिवस हा माझा अंदाज. मंडळाने दहा करावेत, हरकत नाही. पण आकडा असावा. आकडा नसलेली यादी कपाटात जाते.

बाईंचं खातं या रीतीने कसं जाईल? २८ तारखेचे ६०० रुपये कुणाच्याच क्रमांकाशी जुळले नाहीत, म्हणून ते ‘न जुळलेल्या रकमां’त राहिले. १ एप्रिलला ४१२ क्रमांकाची मुदत संपली आणि जमा सापडली नाही, म्हणून खातं पाहायच्या यादीत आलं. ग्रंथपालाने दोन्ही याद्या समोरासमोर धरल्या, लेकीचं नाव ओळखलं, जोडणी केली आणि शेरा लिहिला: ‘मुलीकडून जमा, यापुढेही याच नावाने’. दहा तारखेला बाई आल्या तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. शेऱ्याचा फायदा असा की, पुढच्या वर्षी ग्रंथपाल बदलला तरी ओळख वहीत राहते.

आता वेळेचा हिशेब. पत्रात तो असावाच, पण फुगवलेला नको. आपल्या काल्पनिक ग्रंथालयात साधं खातं तपासायला तीन मिनिटं लागतात आणि गुंतागुंतीचं सात, असं धरू. ९०० पैकी पाऊण हिस्सा, म्हणजे ६७५ खाती साधी निघाली तर त्यांना सुमारे ३४ तास लागतात. उरलेल्या २२५ खात्यांना सुमारे २६ तास. म्हणजे सगळी साधी खाती संगणकाने उरकली तरी वेळ पाऊण हिस्सा वाचत नाही, निम्म्याहून थोडा अधिक वाचतो. कारण सोपं ते यंत्राकडे जातं आणि अवघड तेवढं माणसाकडे उरतं. ‘पंचाहत्तर टक्के काम संगणक करील’ असं लिहिणारा ग्रंथपाल पुढच्या वर्षी अडचणीत येतो, कारण मंडळ त्याच्याकडे तेवढा मोकळा वेळ मागतं. मिनिटं मात्र अंदाजाने लिहू नयेत. एक आठवडा टेबलावर घड्याळ ठेवून मोजावीत आणि मोजणीचा कागद पत्राला जोडावा.

यानंतर पत्राला एका अशा गोष्टीला हात घालावा लागतो जी आजवर कुणी लिहूनच ठेवलेली नसते. वर्गणी उशिरा भरली तर नवं वर्ष कधीपासून धरायचं?

एका सभासदाची मुदत ३१ मार्चला संपली. तो २० मे रोजी येऊन ६०० रुपये भरतो. पुढची मुदत पुन्हा ३१ मार्च धरली तर मधले ४९ दिवस त्याने पुस्तक नेलेलं नसतानाही त्याच्या वर्षातून जातात, म्हणजे सुमारे ८० रुपये. २० मेपासून धरली तर ग्रंथालय तेवढ्या वर्गणीवर पाणी सोडतं. प्रत्यक्षात काय होत असतं? टेबलावरचा जुना माणूस चेहरा बघून ठरवतो. कुणाला दवाखान्यात होता म्हणून सूट, कुणाला नाही. संगणकाला चेहरा दिसत नाही, त्याला नियम सांगावाच लागतो.

कोहा या प्रणालीत हा प्रश्न सरळ समोर उभा राहतो. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ती तयार झाली, २००० सालच्या जानेवारीत तिथे चालू झाली आणि सर्वांना फुकट वापरायला मोकळी करण्यात आली. आपल्याकडे महाविद्यालयांपासून सार्वजनिक ग्रंथालयांपर्यंत अनेक ठिकाणी ती आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही अनेकांना परिचयाची आहे. कोहात सभासदाची मुदत `dateexpiry` या रकान्यात असते आणि नूतनीकरण कुठून मोजायचं ते `BorrowerRenewalPeriodBase` या एका ठिकाणी निवडायचं असतं. पर्याय तीन: जुन्या मुदतीपासून, आजच्या तारखेपासून, किंवा मिश्र, म्हणजे मुदत शिल्लक असेल तर जुन्या मुदतीपासून आणि संपून गेली असेल तर आजपासून. पडद्यावर ही निवड एका क्षणाची. पण ती ग्रंथपालाने एकट्याने करू नये, कारण ती ९०० लोकांच्या पैशांविषयी आहे. पत्रात तीनही पर्याय वरच्यासारखं एकेक उदाहरण देऊन मांडावेत आणि मंडळाला निवडायला सांगावं. मला स्वतःला मिश्र पर्याय न्याय्य वाटतो. वेळेआधी भरणाऱ्याचा एकही दिवस बुडत नाही, आणि उशिरा येणाऱ्याला न वापरलेल्या दिवसांचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय हळूहळू प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या महिन्यांत विखुरते आणि एप्रिलची गर्दी आपसूक ओसरते.

पण थांबा, हे वाचक सभासदांपुरतंच खरं. बऱ्याच ग्रंथालयांत दोन तऱ्हेचे सभासद असतात. एक, पुस्तकं वाचायला नेणारे. दुसरे, संस्थेचे सभासद: साधारण, आजीव, आश्रयदाते. वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देण्याचा आणि मंडळ निवडण्याचा हक्क यांचा. या संस्था ज्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्याचं पंधरावं कलम सांगतं की तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ वर्गणी थकलेल्या व्यक्तीला मत देता येत नाही आणि तिला सभासद म्हणून मोजलंही जात नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. संगणकातली एक चुकीची तारीख वाचकाच्या बाबतीत ८० रुपयांचा प्रश्न असते. संस्थेच्या सभासदाच्या बाबतीत तीच तारीख त्याला मतदारयादीबाहेर काढू शकते. निवडणुकीच्या वर्षात अशी दहा नावं गळली तर प्रकरण धर्मादाय आयुक्तांपर्यंत जातं.

म्हणून माझं ठाम मत आहे की प्रस्ताव वाचक सभासदांपुरता मर्यादित ठेवावा. संस्थेच्या सभासदांची यादी संगणकात जरूर असावी, स्मरणपत्रंही जावीत, पण थकबाकीचा निर्णय आणि मतदारयादी चिटणिसांच्या सहीनेच व्हावी. एकच माणूस दोन्ही तऱ्हेचा सभासद असेल तर त्याची दोन वेगळी खाती ठेवावीत. ‘एक माणूस, एक खातं’ हे ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण मग वाचनाची वर्गणी राहिली म्हणून संस्थेचं सभासदत्व पिवळं दिसू लागतं. आजीव सभासदांचंही असंच. त्यांना मुदत नसते, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून कुणी ३१ डिसेंबर २०९९ घालतं, कुणी दुसरीच लांबची तारीख. काय घालायचं ते एकदाच ठरवून पत्रात लिहून टाकावं.

आता काय बिघडू शकतं त्याकडे येऊ. मला दोन बिघाड विशेष सांगावेसे वाटतात, कारण दोन्ही गुपचूप घडतात.

पहिला तारखांचा. नोंदवहीतली माहिती संगणकात भरताना बहुतेक जण ती आधी एक्सेलमध्ये टंकतात. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहिली असेल तर तो महिना आधी वाचतो. ०५/०४/२०२४ म्हणजे आपल्या दृष्टीने ५ एप्रिल, त्याच्या दृष्टीने ४ मे. तक्रार न करता तो ती स्वीकारतो. पण २५/०४/२०२४ ही तारीख त्याला वाचता येत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तो नुसता मजकूर म्हणून ठेवून देतो. ओळखण्याची खूण इथेच आहे. रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, आणि डावीकडच्या सगळ्यांत दिवस बारापेक्षा मोठा असला, तर उजवीकडच्या साऱ्या तारखांवर संशय घ्यावा. अशा वेळी दिसतात त्या चार-दोन तारखा दुरुस्त करून पुढे जाणं हीच मोठी चूक. पूर्ण रकाना पुन्हा भरून घ्यावा, आणि वीस खाती मूळ वहीशी ताडून पाहावीत.

दुसरा बिघाड विजेच्या बटणाचा. अशा प्रणालीत रोजची तपासणी एक छोटा कार्यक्रम ठरलेल्या वेळी करतो. कोहात मुदत संपत आलेल्यांना सूचना पाठवणारा `membership_expiry.pl` हा तसा कार्यक्रम. बसवून देणारा माणूस सवयीने वेळ ठेवतो पहाटे दोनची. मोठ्या संस्थांचे संगणक रात्रंदिवस चालू असतात. पण आपल्या ग्रंथालयात शिपाई रात्री आठला मुख्य बटण बंद करून कुलूप लावतो. पहाटे दोनला संगणक झोपलेला असतो, कार्यक्रम कधीच चालत नाही, आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण काहीच न घडणं हे सगळं ठीक असण्यासारखंच दिसतं. दोन महिन्यांनी कुणी तरी म्हणतं, यंदा स्मरणपत्र आलं नाही. उपाय साधा आहे. वेळ ठेवायची ग्रंथालय उघडल्यानंतर अर्ध्या तासाची, आणि कार्यक्रमाने रोज एक ओळ लिहायची: आज किती खाती पाहिली, किती मंजूर, किती यादीत. एकही नसेल तरी ‘शून्य’ असं लिहायचं. ग्रंथपालाने रोज ती ओळ पाहून हजेरीवहीत बारीक खूण करायची. ओळच नसेल तर त्या दिवशी तपासणी हाताने.

इथे ‘हाताने’ या शब्दाचे दोन वेगळे प्रसंग होतात, आणि पत्रात ते वेगळे ठेवायला हवेत. एक, संगणक ठीक चालतोय पण एखादं खातं संशयास्पद आहे. त्यासाठी वरची यादी. दुसरा, संगणकच बंद आहे. त्यासाठी पावतीपुस्तक. छापील, क्रमांकित पावतीपुस्तक टेबलाच्या खणात कायम असावं. वीज नसली की त्यावर वर्गणी घ्यायची, दुसऱ्या दिवशी संगणकात चढवायची, आणि चढवताना तारीख पैसे घेतल्याची घालायची, टंकल्याची नव्हे. ३१ मार्चच्या संध्याकाळी वीज गेली आणि नोंदी १ एप्रिलच्या तारखेने चढल्या तर पंचवीस प्रामाणिक माणसं एका रात्रीत उशिरा भरणारी ठरतात, आणि पैसेही चुकीच्या आर्थिक वर्षात जातात. लेखापरीक्षक ते शोधून काढतातच.

स्मरणपत्रांविषयी थोडक्यात. मोबाइलवर एकगठ्ठा संदेश पाठवायचे तर दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची नोंदणी आणि मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. छोट्या ग्रंथालयाने त्या भानगडीत लगेच पडू नये. ईमेल आणि सूचनाफलक, आणि वयस्कर सभासदांना फोन, एवढ्यावर पहिलं वर्ष निभतं. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. तेव्हा बाल विभागाच्या नूतनीकरण अर्जावर पालकाच्या संमतीची एक ओळ आणि सही आत्ताच घेऊन ठेवावी.

एवढं सगळं कागदावर झालं, तरी मंडळाने लगेच ‘करा’ म्हणू नये असं ग्रंथपालाने स्वतःच सुचवावं. आधी चाचणी मागावी. ती करण्याची उत्तम रीत म्हणजे ज्यांचे निकाल आधीच लागले आहेत अशा गेल्या वर्षीच्या शंभर खात्यांवर नियम लावून बघणं. माणसाने काय ठरवलं होतं ते ठाऊक आहे. संगणक काय म्हणतो ते शेजारी मांडायचं. सूचना कुणाला जातील हे पाहायचं असेल तर कोहात तेही निरोप न पाठवता करता येतं:

```
membership_expiry.pl -c -n -v
```

यातल्या `-n` मुळे सूचना कुणाकडे जात नाही, नुसती पडद्यावर छापली जाते. हे न करता पहिल्याच दिवशी खरे संदेश सोडले तर वारलेल्या सभासदाच्या घरी ‘आपली मुदत संपत आहे’ असं पत्र जाण्याची शक्यता असते, आणि ते घर ग्रंथालयाला माफ करत नाही.

चाचणीचा निकाल कसा वाचायचा? समजा शंभरपैकी ७१ खाती आपोआप मंजूर झाली आणि २९ यादीत गेली. पहिला प्रश्न ७१ विषयी: यातलं एखादं माणसाने गेल्या वर्षी अडवलं होतं का? असेल तर का, आणि ते कारण नियमात घालता येतं का? दुसरा प्रश्न २९ विषयी: हे कशामुळे अडकले? समजा त्यातल्या १८ जणांचे पैसे सभासद क्रमांकाशिवाय आले होते. मग दोष नियमांत नाही, टेबलावरच्या क्यूआर कोडच्या पाटीत आहे. पाटीवर ठळक अक्षरांत ‘संदेशाच्या जागी सभासद क्रमांक लिहा’ एवढं लिहिलं आणि सभासदपत्रावर क्रमांक मोठा छापला की पुढच्या वर्षी यादी निम्म्यावर येईल. यादी लांबली म्हणून नियम सैल करायचा मोह होतो, तो आवरावा. पण यादी फार लांब राहिली तर तोही धोकाच, कारण रोज पन्नास नोंदी समोर आल्या की कितीही चांगला ग्रंथपाल न वाचता ‘मंजूर’ दाबू लागतो, आणि मग माणसाची तपासणी नावापुरती उरते. दिवसाला दहा-बारा नोंदी नीट वाचून होतात. त्याहून जास्त येत असतील तर त्या का येतात हे शोधणं हेच पहिलं काम.

खर्चाचा परिच्छेद छोटा आणि खरा असावा. प्रणाली फुकट असली तरी संगणक, वीज गेल्यावर तग धरणारी बॅटरी, रोजची प्रत ठेवायला दुसरी जागा, आणि ९०० खाती एकदा शुद्ध करून भरणाऱ्या माणसाची मजुरी फुकट नाही. यातली मजुरी सर्वांत मोठी निघते आणि पत्रात बहुधा तीच विसरली जाते. दुसऱ्या बाजूला, तपासणीसाठी जिल्हा ग्रंथालय अधिकारी येतात तेव्हा चालू वाचक सभासदांची संख्या त्यांना दाखवावी लागते, कारण ग्रंथालयाचा वर्ग ठरताना तीही पाहिली जाते. ही संख्या वहीतून मोजायला आज किती वेळ जातो, हे मंडळातल्या कुणालाही विचारावं.

शेवटी पत्राला ठरावाचा मसुदा जोडावा. सभेत आयत्या वेळी ठराव लिहायला घेतला की ‘संगणकीकरणास मंजुरी’ एवढंच इतिवृत्तात उरतं आणि वरच्या सगळ्या अटी गळून पडतात. मसुदा असा लिहिता येईल:

“वाचक सभासदांच्या नूतनीकरणाची प्राथमिक तपासणी संगणकीय प्रणालीद्वारे करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. सोबतच्या परिशिष्टातील चारही अटी पूर्ण करणाऱ्या सभासदाचे नूतनीकरण प्रणालीने मंजूर करावे. अन्य सर्व प्रकरणे ग्रंथपालांनी सात दिवसांत स्वतः तपासावीत. तोपर्यंत सभासदाची देवघेव चालू राहील. नूतनीकरण नाकारण्याचा निर्णय ग्रंथपालांच्या लेखी शेऱ्यानेच होईल आणि त्यावर सभासदास चिटणिसांकडे दाद मागता येईल. नव्या मुदतीची गणना मंडळाने निवडलेल्या पद्धतीने होईल. संस्थेच्या सभासदांची मतदारयादी या व्यवस्थेच्या बाहेर राहील. ग्रंथपालांनी दरमहा मंजूर, प्रलंबित व नाकारलेल्या प्रकरणांची संख्या मंडळापुढे ठेवावी. ही व्यवस्था सहा महिन्यांसाठी असून, मुदतवाढीसाठी नवा ठराव आवश्यक राहील.”

खाली सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसाठी जागा मोकळी सोडावी. सूचक खजिनदारच झाले तर उत्तम, म्हणून सभेच्या आधी चार दिवस पत्राची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्यावी आणि ४१२ क्रमांकाचं उदाहरण त्यांच्याबरोबर बसून एकदा वाचावं.